अब्जाचा भागाकार

"एक अब्ज सेकंद म्हणजे किती वर्षं?" असा प्रश्न कोणी सोडला की चारचौघांत धडाधड उत्तरं येतात. कोणी तीन वर्षं म्हणतं, कोणी तीनशे. हिशोब मांडायची वेळ आली की मात्र सगळ्यांना कामं आठवतात आणि कागद माझ्यापुढे सरकतो.

आधी शून्यं मोजायची. एकावर नऊ. मग साठने भागायचं, की १,६६,६६,६६६ मिनिटं होतात आणि ४० सेकंद बाकी राहतात. ही बाकी समासात लिहून ठेवायची, फेकायची नाही. पुन्हा साठने भागलं की २,७७,७७७ तास आणि बाकी ४६ मिनिटं. हीच गोष्ट कॅल्क्युलेटर २७७७७७.७८ अशी दाखवतो, आणि शेजारी वाकून बघणारा लगेच म्हणतो, "म्हणजे ७८ मिनिटं!" अहो, तासात मिनिटंच साठ असतात, ७८ कुठून आणायची? त्या .७८ ला साठने गुणलं की साधारण पावणेसत्तेचाळीस मिनिटं येतात. दशांशचिन्हापुढचा आकडा हा तासाचा तुकडा असतो, हे पटवण्यात भागाकारापेक्षा जास्त वेळ जातो.

आता चोवीसने भागा. ११,५७४ दिवस आणि बाकी १ तास. समासातली बाकी खालून वर वाचली की पूर्ण उत्तर मिळतं: ११,५७४ दिवस, १ तास, ४६ मिनिटं, ४० सेकंद. इथवर वादाला जागा नाही.

भांडण पुढे आहे, कारण वर्ष ही चीज साठ किंवा चोवीससारखी सरळ वागत नाही. ३६५ ने भागलं तर ३१ वर्षं आणि २५९ दिवस. पण ३१ वर्षांत लीप वर्षांचे सात-आठ जादा दिवस घुसतात. ते वजा केले की उरतात २५२ किंवा २५१. सरासरी ३६५.२५ ने भागलं की ३१.६९ येतं, आणि ते कोणीतरी "एकतीस वर्षं एकोणसत्तर दिवस" असं वाचतंच. .६९ ला बाराने गुणा, सव्वाआठ महिने होतात.

ताळा हवा असेल तर तोही तयार आहे. युनिक्स संगणकांचं घड्याळ १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतं. त्यात २००० धरून आठ लीप दिवस आले, म्हणून ३१ वर्षांवर २५१ दिवस. अब्जावा सेकंद पडला ९ सप्टेंबर २००१ रोजी, जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्री १ वाजून ४६ मिनिटं ४० सेकंदांनी. समासातली बाकी जशीच्या तशी!

हे ऐकून मंडळी खूश होतात आणि स्वतःचा अब्जावा सेकंद काढून मागतात. तारीख निघते. पण जन्मवेळ विचारली की उत्तर मिळतं, "पहाटेच्या सुमारास." आता या सुमारात ४० सेकंद कुठे मिळवायचे?