लेझी म्हणजे ‘सगळ्यात लहान’ नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

रेग्युलर एक्स्प्रेशनमधे, म्हणजे मजकुरात पॅटर्न शोधताना, ग्रीडी `.*` आधी जास्तीत जास्त कॅरेक्टर घेतो आणि लेझी `.*?` आधी कमीत कमी. टॅगमधला मजकूर काढताना ह्या दोन्हींऐवजी `[^<]*` वापरा, असं मी मागच्या पोस्टमधे लिहिलं होतं, त्यावर ही प्रतिक्रिया आली:

> “एवढं लांबण लावायची गरजच नव्हती. ग्रीडी `.*` जास्त खातो, म्हणून `.*?` लिहायचं, तो सगळ्यात लहान मॅच देतो, विषय संपला. ते `[^<]*` वगैरे लिहून नवशिक्यांना घाबरवताय उगाच. माझ्या स्क्रिप्टमधे सगळीकडे `.*?` आहे आणि व्यवस्थित चालतंय.”

तुमची स्क्रिप्ट चालत असेल, त्यावर मला शंका नाही, आणि ती का चालतेय तेही खाली सांगतो. पण “तो सगळ्यात लहान मॅच देतो” हे वाक्य मात्र चुकीचं आहे आणि हेच वाक्य डोक्यात धरून लोक पुढे जातात म्हणून मी त्या पोस्टमधे एवढं लिहिलं होतं. लेझी सगळ्यात लहान मॅच शोधत नाही. इंजिन डावीकडून पहिली जिथे सुरुवात जमते तिथे पाय रोवतं, आणि त्या सुरुवातीपासून आधी कमी कॅरेक्टर घेऊन बघतं, नाही जमलं तर एकेक वाढवत जातं. म्हणजे `?` ने फक्त आधी काय ट्राय करायचं त्याचा क्रम बदलतो, कुठे थांबायचं याची हद्द काही आखली जात नाही.

आता हे प्रत्यक्ष बघा. समजा एका दुकानाच्या पेजवरची ही ओळ आहे आणि त्यातला जो माल संपलाय त्याचं नाव काढायचंय:

```
import re
s = "<b>आंबा</b> ८०० <b>काजू</b> संपला <b>फणस</b> १२०"
re.findall(r"<b>(.*?)</b> संपला", s)
# ['आंबा</b> ८०० <b>काजू']
```

आपल्याला हवं होतं नुसतं ‘काजू’, आणि लेझी लिहूनसुद्धा आंबा त्याच्या भावासकट आत आला. का आला ते पायरी पायरीने सांगतो. इंजिनला ओळीच्या सुरुवातीलाच `<b>` मिळाला. मग `.*?` ने आधी काहीच घेतलं नाही आणि पुढे `</b>` आहे का बघितलं, नव्हता, म्हणून एक कॅरेक्टर घेतलं, परत बघितलं, असं करत ‘आंबा’ची चार कॅरेक्टर (अनुस्वार आणि काना वेगळे धरून) घेऊन झाल्यावर `</b>` सापडला. इथपर्यंत सगळं तुम्ही म्हणता तसंच. पण पॅटर्न अजून संपलेला नाही, त्याला पुढे स्पेस आणि ‘संपला’ हवंय, आणि तिथे आहे ‘८००’. फेल. आता इंजिन काय करतं? ते ‘आंबा’ सोडून पुढच्या `<b>` वर उडी मारत नाही, ते मागे फिरून शेवटचा जो पर्याय शिल्लक आहे तो धरतं, म्हणजे `.*?` ला सांगतं की अजून एक घे. ते एक कॅरेक्टर म्हणजे `</b>` मधला `<`. डॉटला काय, त्याला `<` पण चालतो, `/` पण चालतो. असं वाढत वाढत तो काजूच्या पुढच्या `</b>` पाशी पोचतो, तिथे ‘ संपला’ जुळतं आणि इंजिन खुशाल मॅच झालं म्हणून सांगतं. पहिल्या सुरुवातीपासूनचे सगळे पर्याय संपल्याशिवाय दुसऱ्या सुरुवातीचा नंबरच लागत नाही.

आणि ह्याच ओळीवर `?` काढून ग्रीडी चालवून बघा. `.*` आधी ओळीच्या टोकापर्यंत जातो, मग एकेक कॅरेक्टर सोडत मागे येतो, फणसाच्या `</b>` पाशी ‘संपला’ नाही म्हणून अजून मागे, आणि काजूच्या `</b>` वर जुळतं. उत्तर तेच, `आंबा</b> ८०० <b>काजू`, अक्षरशः तेच! दोघं उलट्या दिशांनी येऊन एकाच जागी थांबले. तर मग `?` ने इथे काय मिळवलं? काहीच नाही.

आता तुमची स्क्रिप्ट का चालते. तुम्ही बहुतेक `<b>(.*?)</b>` एवढंच लिहीत असाल, बंद होणाऱ्या टॅगनंतर पॅटर्नमधे काहीच नसेल. तेव्हा पहिला `</b>` मिळाला की पॅटर्न पूर्ण होतो, इंजिनला मागे फिरायचं कारणच उरत नाही, आणि लेझी बरोबर उत्तर देतो. तेवढ्यापुरतं `.*?` वापरा, माझी हरकत नाही. पण ज्या दिवशी त्याच्या पुढे एखादी अट जोडाल त्या दिवशी ते बिघडतं, आणि एरर येत नाही, चुकीचा डेटा गुपचूप आत जातो, हे जास्त वाईट. वेबपेजवरून लिंक काढणारे लोक `<a href="(.*?)" class="pdf">` लिहितात ना, तिथे अगदी हेच होतं, आधीच्या कुठल्यातरी भलत्याच लिंकपासून सुरुवात होऊन मधलं सगळं पोटात जातं.

`[^<]*` मी घाबरवायला नाही लिहिलं, ती खरी हद्द आहे. ‘`<` सोडून काहीही’ असं सांगितल्यावर इंजिन कितीही मागेपुढे झालं तरी `<` ओलांडूच शकत नाही:

```
re.findall(r"<b>([^<]*)</b> संपला", s)
# ['काजू']
```

पहिल्या `<b>` पासून आंबा घेतला, पुढे ‘संपला’ नाही, वाढायला जागा नाही, त्या सुरुवातीचा निकाल लागला, पुढच्या `<b>` पासून नव्याने. एक फरक लक्षात ठेवा, डॉट नवीन ओळीवर अडतो (`re.DOTALL` दिला नाही तर), `[^<]` मात्र ओळ ओलांडून जातो. टॅगमधला मजकूर दोन ओळींत मोडला असेल तर ते सोयीचंच आहे.

ह्यालाही मर्यादा आहे. `<b>काजू <i>तुकडा</i></b> संपला` असं आलं की `[^<]*` आतल्या `<i>` पाशी अडकतो आणि तो माल यादीतून गायब होतो. तिथे प्रत्येक पावलाला “इथे `</b>` सुरू होतोय का” हे विचारून पुढे जावं लागतं:

```
<b>((?:(?!</b>).)*)</b> संपला
```

दिसायला किचकट आहे खरं, पण अर्थ सरळ आहे: `</b>` सुरू होत नसेल तरच एक कॅरेक्टर घे. आणि तोच टॅग स्वतःच्याच आत आला, `<div>` मधे `<div>`, तर हेही पुरत नाही कारण कुठला बंद टॅग कुणाचा हे मोजावं लागतं, आणि पायथनच्या `re` ला तसं मोजता येत नाही. तिथे सरळ `html.parser` किंवा BeautifulSoup घ्या.

तुमच्या स्क्रिप्टपुरतं एवढं करून बघा. जिथे जिथे `.*?` नंतर टॅग आणि टॅगनंतर अजून काही आहे, तिथला `findall` चा निकाल `found` मधे ठेवून तपासा:

```
bad = [x for x in found if "<b>" in x]
```

ही यादी रिकामी आली तर निदान ह्या डेटावर दुसरा `<b>` पोटात गेलेला नाही. आणि हाच पॅटर्न कधी `grep -E` मधे टाकणार असाल तर तिथे लेझी नसतंच. ग्नू ग्रेप `.*?` ला एररही देत नाही, `?` चा साधा अर्थ घेऊन ग्रीडीसारखंच वागतो, एका ओळीत दोन टॅग असले की पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळं देतो. `grep -P` ला लेझी कळतं. `[^<]*` मात्र दोन्हीकडे तसाच चालतो, `sed` मधेसुद्धा.