कडेवरची तारीख : पुसायची की छाटायची?

जुन्या फोटोच्या कडेवर छापलेली तारीख काढायला मी ती कडच कशी छाटली, यावर मागे एक लेख लिहिला होता. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: "लेख वाचून निराशा झाली. हीलिंग ब्रश फिरवला की तारीख दोन मिनिटांत जाते, पांढरी चौकटही शाबूत राहते. तुम्ही सरळ कडच उडवलीत. हा आळस झाला. जुन्या फोटोची शान त्या कडेतच असते, आणि तारीख म्हणजे इतिहास, तोही तुम्ही कचऱ्यात टाकलात."

इतिहासाबद्दलचा तुमचा टोला बसला, कारण मूळ स्कॅन जसाच्या तसा ठेवायचा हे मी लेखात लिहायलाच विसरलो होतो. पूर्वी एकदा मी छाटलेली फाइल त्याच नावाने सेव्ह केली होती आणि तो फोटो आत्याकडून पुन्हा मागून आणावा लागला होता. आत्याने दिला, पण "हरवलास ना?" हे तीनदा विचारून. तेव्हापासून मूळ टिफ वेगळ्या फोल्डरमध्ये असते आणि तिला हात लावायचा नाही असा नियम आहे. त्यामुळे कचऱ्यात काही गेलेलं नाही. ब्रशबद्दल मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

लेखातला फोटो म्हणजे काकांनी अमेरिकेतून पाठवलेला साडेतीन इंची चौकोनी रंगीत प्रिंट. काकू साडीवर ओव्हरकोट घालून उभ्या आहेत आणि मागे गाडीच्या टपावर वीतभर बर्फ. उजव्या कडेवर इंग्रजीत छापलंय, जून ६८. घरच्या ग्रुपवर टाकल्या टाकल्या "जूनमध्ये बर्फ?" यावर दोन दिवस खल झाला. त्या काळी तिकडच्या लॅब प्रिंटच्या कडेवर महिना आणि साल छापत, पण तो रोल धुतल्याचा महिना, फोटो काढल्याचा नव्हे. काका एक रोल सहा-सहा महिने पुरवणारे. बहुधा हिवाळ्यात सुरू केलेला रोल उन्हाळा लागल्यावर धुवायला गेला असावा. फ्रेम करायची म्हटल्यावर चुलतबहीण म्हणाली, ती तारीख तेवढी काढ, नाहीतर येणारा प्रत्येक पाहुणा तेच विचारेल.

मी आधी ब्रशच घेतला होता. ६०० डीपीआयला स्कॅन केलं की ५ मिलिमीटरची कड साधारण ११८ पिक्सेल रुंद येते. आकडे २ मिलिमीटर उंच, म्हणजे त्यांच्या दोन्ही बाजूंना जेमतेम ३५ पिक्सेल उरतात. ब्रश जरा आत सरकला की तो चित्रातला रंग ओढून कडेवर आणतो. माझ्याकडे काकूंच्या कोटाचा तपकिरी डाग कडेवर उमटला. लहान ब्रश घेऊन तो टाळता येतो, मान्य. पण मग दुसरी अडचण उभी राहते. ही कड पांढरी नाहीच. मी पिपेटने मोजलं, तर चित्रालगत लाल २३६, हिरवा २२९, निळा २०८, आणि बाहेरच्या कोपऱ्यात २४४, २४०, २२६. पन्नासहून जास्त वर्षांत कागद पिवळा पडलाय, तोही सगळीकडे सारखा नाही. शिवाय हा सिल्क फिनिशचा कागद, मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असलेला. क्लोन केलं की जाळीचे सांधे जुळत नाहीत, हीलिंगने त्या जागी जाळी पुसट होते.

स्क्रीनवर सहज नजर टाकली तर हे दिसत नाही, म्हणून सगळ्यांना काम फत्ते वाटतं. लेव्हल्समध्ये काळा स्लायडर उजवीकडे २०० पर्यंत ओढून बघा. कडेवरचे फिकट फरक एकदम उठून येतात, आणि जिथे तारीख होती तिथे पेपरवर इस्त्री फिरवल्यासारखा गुळगुळीत पट्टा दिसतो. तुमच्या एखाद्या फोटोवर करून पाहा, मग दोन मिनिटांचं बोलू.

तुम्ही म्हणता ती कड मलाही हवी असते, पण छाटण्याआधी, कारण ती कोऱ्या कागदाचा नमुना आहे. त्यावर फोटो उमटलेलाच नाही, त्यामुळे कागद स्वतः किती पिवळा झाला ते तिथे कळतं. लेव्हल्समधली पांढऱ्याची पिपेट चित्रालगतच्या कडेवर टेकवली की बर्फावरची पिवळी झाक बरीचशी उतरते. साडीचा उडालेला रंग याने परत येत नाही, तो रंगद्रव्यच फिकं झाल्याचा प्रकार आहे. पण ही पिपेट लावायच्या आधी कड छाटली, तर बर्फ मुळात किती पांढरा होता याचा अंदाज कशावरून बांधणार?

मग सरळ करणं. माझा प्रिंट काचेवर ०.६ अंश तिरका बसला होता. ऐकायला काहीच नाही, पण चित्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास २० पिक्सेलचा फरक पडतो. तसंच छाटलं तर एकतर एका बाजूला पिवळी पाचर राहते, नाहीतर तेवढं चित्र जातं. मापाची रेघ कागदाच्या कडेवर नाही, चित्राच्या कडेवर धरायची, कारण लॅबमध्ये कागद नेहमीच काटकोनात कापलेला असतो असं नाही.

सरळ केल्यावर चित्र १८६४ पिक्सेल भरलं, डावा-वरचा कोपरा १४७, १४३ वर. चित्र आणि कड यांच्यामधली रेषा धारदार नसते, तीन-चार पिक्सेल धूसर असते. ती राहिली तर छापल्यावर भोवती मळकट रेघ दिसते, म्हणून इमेजमॅजिकने छाटताना चारी बाजूंनी ४ पिक्सेल आत शिरलो:

```
magick saral.tif -crop 1856x1856+151+147 +repage frame.tif
```

शेवटचा `+repage` विसरला तर काही प्रोग्राम फाइलमध्ये जुन्या कॅनव्हासचं माप धरून बसतात. ४ पिक्सेल म्हणजे मिलिमीटरचा सहावा हिस्सा. चित्राचं नुकसान झालं ते एवढंच.

तारीख मी फाइलच्या आत लिहून ठेवली. एक्झिफमधल्या तारखेच्या रकान्याला पूर्ण दिवस लागतो, आणि १ जून १९६८ लिहिणं म्हणजे चक्क थाप. म्हणून वर्णनात, आणि तेही एक्सएमपीच्या, कारण तिथे देवनागरी नीट राहते:

```
exiftool "-XMP-dc:Description=कडेवर छापील: JUN 68 (रोल धुतल्याचा महिना)" frame.tif
```

पांढऱ्या चौकटीचं म्हणाल, तर फ्रेमवाल्याकडे माउंट लावून घेतला. तो नवा आहे हे बघताक्षणी कळतं, त्यात लपवाछपवी नाही. तारीख पुसलेली कड मात्र जुनी असल्याचा आव आणते आणि तिथे कधी काही छापलंच नव्हतं असं सांगते.

एका ठिकाणी मात्र तुमचा ब्रशच बरा: नव्वदीतल्या कॅमेऱ्यांची ती नारिंगी तारीख. ती कॅमेऱ्यातच फिल्मवर उमटते, थेट चित्रात, उजव्या खालच्या कोपऱ्यात. चार बाय सहाच्या प्रिंटमध्ये ती छाटायला खालचा अर्धा इंच गेला तर चित्राचा आठवा हिस्सा गेला, आणि बसलेल्या माणसांचे पाय हमखास त्यातच असतात. तारखेखाली गवत किंवा सतरंजी असेल तर खुशाल ब्रश चालवा. साडीचा काठ असेल तर मी तारीख राहू देतो, मग ती सेल बदलल्यावर घड्याळ न लावल्यामुळे साफ चुकीची असली तरी.

काकूंच्या फोटोची मूळ टिफ मी चुलतबहिणीलाही पाठवली आहे. ग्रुपवरचा वाद त्यानंतर पुन्हा सुरू झाला, आता गाडी कोणती यावर.