इसबगोलाने एलडीएल उतरतं, पण किती?

«रोज सकाळी अनशापोटी रात्रभर भिजवलेल्या ओट्सचं गाळलेलं पाणी आणि एक चमचा इसबगोल घ्या. हे फायबर रक्तवाहिन्यांत साचलेली चरबी खरवडून काढतं. २१ दिवसांत वाईट कोलेस्टेरॉल निम्म्यावर येतं. मग गोळीची गरज उरत नाही. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.»

हा मेसेज गिरगावातल्या माझ्या आत्याकडे तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरून आला. आत्या ६८ वर्षांची, हृदयात स्टेंट बसवलेला. गणपती झाल्यावर तिने कोलेस्टेरॉल उतरवणारी ॲटोरव्हास्टॅटिनची ४० मिलिग्रॅमची गोळी परस्पर बंद केली आणि घरात कोणाला सांगितलं नाही. दिवाळीआधी नेहमीची रक्ततपासणी झाली तेव्हा ते उघडकीला आलं. मी रागावले तर म्हणाली, «अगं, नैसर्गिकच आहे ना ते, मग गोळ्या कशाला खायच्या जन्मभर?» म्हणून हे सविस्तर लिहिते आहे, आणि सुरुवात शेवटच्या दाव्यापासून करते, कारण माणूस दगावू शकतो तो त्याच्यामुळे.

आत्याचे तीन रिपोर्ट माझ्यासमोर आहेत. स्टेंट बसवण्याआधी, गोळी सुरू नसताना एलडीएल, म्हणजे मेसेजमधलं «वाईट कोलेस्टेरॉल», १४८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. गोळी सुरू असताना ७४. गोळी बंद करून ओट्सचं पाणी आणि इसबगोल सुरू केल्यानंतर १४१. म्हणजे गोळीने ७४ आकडे उतरवले होते आणि या उपायाने सात. हे सातसुद्धा उपायाचेच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. एकाच माणसाचं एलडीएल दोन वेगवेगळ्या दिवशी मोजलं तर एवढा फरक काहीही न करता पडतो. स्टेंट असलेल्या माणसाचं एलडीएल निदान ७० च्या खाली हवं. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अतिजोखमीच्या रुग्णांसाठी ही मर्यादा ५५ आहे. १४१ हा आकडा त्याच्या अडीचपट आहे, आणि तो घेऊन आत्या तीन जिने चढत-उतरत होती. तिला काही होत नव्हतं म्हणून सगळं ठीक चाललंय असं तिला वाटत होतं. वाढलेलं एलडीएल दुखत नाही, खुपत नाही. ते फक्त रिपोर्टमध्ये दिसतं.

आता «निम्म्यावर»ची गोष्ट. इथे अंदाजाने बोलायची गरजच नाही. १९९९ साली हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशनमध्ये ६७ नियंत्रित प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण छापलं. ओट्स, इसबगोल, पेक्टिन आणि गवार गम, असे विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या, फायबरचे चार प्रकार त्यात होते. निष्कर्ष असा की दिवसाला एक ग्रॅम विद्राव्य फायबर वाढवलं की एलडीएल साधारण २.२ मिलिग्रॅमने उतरतं. चारही प्रकारांत फार फरक नव्हता. आणि संशोधकांनीच स्पष्ट लिहिलं की रोजच्या आहारात जमेल एवढ्या प्रमाणात हा परिणाम लहान असतो.

हा एक आकडा हाताशी ठेवला की मेसेज कोसळतो. आत्याचं १४८ निम्मं करायचं म्हणजे ७४ उतरवायचे. २.२ ने भागा, तर रोज जवळजवळ ३४ ग्रॅम विद्राव्य फायबर लागेल. इसबगोलाच्या भुशीत ते ७० टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे रोज सुमारे ४८ ग्रॅम भुशी. कोणी एकदा वजनकाट्यावर ४८ ग्रॅम भुशी घालून तो ढीग बघावा. ती पोटात गेली तर एलडीएलच्या आधी पोटच बंद पडेल. शिवाय हे प्रयोग मुख्यतः दहा ग्रॅमपर्यंतच्या मात्रेचे आहेत. त्यापुढेही परिणाम त्याच वेगाने वाढत जाईल, असं धरून चालायला काही आधार नाही. आणि मेसेजमधला «एक चमचा» किती? आत्याचा पोहे खायचा चमचा होता. त्यात भुशी भरते जेमतेम दोन ग्रॅम. त्यातून एलडीएल तीन मिलिग्रॅमने उतरेल.

रक्तवाहिन्या खरवडण्याचा दावा तर मुळातच अशक्य आहे. हे फायबर आतड्यातून रक्तात शिरतच नाही, मग ते धमनीत पोचणार कसं? ते काय करतं हे बघायचं असेल तर पेलाभर पाण्यात चमचाभर इसबगोल टाका आणि दहा मिनिटांनी ढवळा. चमचा जड लागतो, पेला तिरका केला तर आतला गोळा एकसंध सरकतो. आतड्यात हाच बुळबुळीत थर तयार होतो. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं आणि चरबी पचवायला ती आतड्यात सोडतं. काम झालं की त्यातली बहुतेक लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला पुन्हा शोषली जातात आणि यकृताकडे परततात. चिकट फायबर त्यातली काही अडवतं, ती शौचावाटे बाहेर पडतात. तूट भरून काढायला यकृत रक्तातलं एलडीएल जास्त खेचून घेतं. एलडीएल उतरतं ते असं, आडवळणाने. पण यकृत स्वतःही जास्त कोलेस्टेरॉल बनवायला लागतं, म्हणून हा परिणाम एका मर्यादेतच राहतो. आत्याच्यासारखी स्टॅटिनची गोळी नेमकं हे बनवणंच दाबते, म्हणून तिचा परिणाम इतका मोठा असतो.

यातूनच गाळलेल्या पाण्याचाही निकाल लागतो. कामाचं आहे ते ओट्समधलं बीटा-ग्लुकन नावाचं विद्राव्य फायबर, आणि रात्रभर थंड पाण्यात ठेवून गाळलं तर त्यातलं थोडंच पाण्यात उतरतं. बाकीचं चोथ्यात राहतं आणि आत्या तो चोथा केराच्या डब्यात टाकत होती. ओट्स शिजवून सगळे खायचे असतात.

२१ दिवसांबद्दल इतकंच की तीन-चार आठवड्यांत जो काय परिणाम व्हायचा तो बऱ्यापैकी दिसतो, हे खरं आहे. पण फायबर थांबवलं की एलडीएल पुन्हा होतं तिथे जातं. कोर्स करून संपवायची ही गोष्ट नाही.

आणि हो, फायबरने एलडीएल उतरतं हे मला मान्य करावंच लागेल. अर्धसत्य आहे म्हणूनच हा मेसेज इतका पसरतो. मग मनापासून आणि पूर्ण मात्रेत केलं तर किती उतरेल, ते आत्याच्याच १४८ वर मांडून बघू. रोज दहा ग्रॅम इसबगोल घेतलं तर प्रयोगांच्या सरासरीने तेरा आकडे कमी. तीन ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जाईल एवढे ओट्स खाल्ले तर पाच ते दहा. त्यासाठी कोरडे ओट्स ७५ ते ८० ग्रॅम लागतात. नाश्त्याला आपण घेतो ते चाळीसच्या आसपास, म्हणजे अर्धंच काम. ओट्स नको असतील तर जव चालतात. जवात बीटा-ग्लुकन दाणाभर पसरलेलं असतं, त्यामुळे पॉलिश केलेल्या जवातही ते बऱ्यापैकी टिकतं. मूगडाळीच्या खिचडीत अर्धे तांदूळ काढून जव घातले तर रोज खाता येतं. कडधान्यांचं म्हणाल तर रोज १३० ग्रॅम शिजलेलं कडधान्य किंवा डाळ खाल्ल्यावर एलडीएल पाच टक्क्यांनी उतरल्याचं २०१४ च्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं. म्हणजे मटकीची किंवा चवळीची एक घट्ट वाटी उसळ. पातळ आमटीची वाटी त्यात धरू नये. तिच्यात निम्म्याहून जास्त पाणीच असतं.

सगळं जुळून आलं तर पंचवीस ते तीस आकडे, म्हणजे १४८ चे १२० च्या आसपास. प्रत्येक पदार्थाचे प्रयोग वेगवेगळे झालेत, त्यामुळे ही बेरीज आशावादी आहे. घरी रोजच्या रोज एवढं कोणी खात नाही, म्हणून मी दहा-पंधरा टक्केच धरून चालते. ज्याचं एलडीएल १३५ आहे, मधुमेह नाही, ब्लडप्रेशर नाही, हृदयाचा इतिहास नाही आणि डॉक्टरांनी «तीन महिने आहार सांभाळून बघू» म्हटलंय, त्याला एवढ्याने खरंच फरक पडतो. वडापाव आणि फरसाणाच्या जागी उसळ आली तर वेगळा फायदा होतो, कारण तळलेलं आणि वनस्पती तूप कमी होतं. स्टेंटवाल्याला १२० पुरत नाही.

पण गोळीच्या जोडीला इसबगोल फार उपयोगी आहे. २००५ साली छापलेल्या एका प्रयोगात सिम्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमसोबत रोज १५ ग्रॅम इसबगोल दिलं, तेव्हा एलडीएल २० मिलिग्रॅमच्या गोळीएवढंच उतरलं. ज्यांना जास्त मात्रेत अंगदुखीचा त्रास होतो त्यांनी डॉक्टरांशी बोलायचं ते हेच. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. परस्पर बंद करू नये.

आत्या आता पुन्हा गोळी घेते आणि इसबगोलही. ती रात्री जेवणानंतर गोळी घेते, म्हणून इसबगोल संध्याकाळी, मधे दोन तास सोडून, कारण हा थर औषधंही अडवू शकतो. थायरॉइडची गोळी असेल तर त्याहून जास्त अंतर लागतं, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. पाच ग्रॅमपासून सुरुवात केली. एकदम दहावर गेलं की पोट फुगतं, गॅस होतो आणि माणूस आठवड्यात सोडून देतो. भुशी कोरडी तोंडात टाकायची नाही. मोठा पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायची, वर आणखी पाणी, नाहीतर ती घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकते. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतड्यात पूर्वी अडथळा आला आहे, त्यांनी ती घेऊच नये. दीड-दोन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करायचं, शक्यतो त्याच लॅबमध्ये, आणि तो रिपोर्ट ग्रुपवर टाकण्याआधी डॉक्टरांना दाखवायचा.