एक युनिट जास्त झालं म्हणून बिल दुप्पट होत नाही

वीजबिलाबद्दल हे नेहमी ऐकू येतं: «१०० च्या वर एक युनिट जरी गेलं तरी सगळ्या युनिटना वरचा दर लागतो. म्हणून रीडिंगवाले मुद्दाम दोन-चार दिवस उशिरा येतात. आणि घर बंद असेल तर बिल शून्यच यायला पाहिजे.»

पहिलं विधान साफ चुकीचं आहे. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिट या पायऱ्या आहेत आणि वरचा दर फक्त त्या पायरीच्या पुढच्या युनिटना लागतो. समजा मागील रीडिंग ४१२ आणि चालू रीडिंग ५१५ आहे, म्हणजे वापर १०३ युनिट. हिशोब सोपा व्हावा म्हणून वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोचवण्याचा आकार, धरून पहिल्या पायरीचा दर ६ रुपये आणि दुसरीचा १२ रुपये मानू. १०० युनिटचे ६०० आणि उरलेल्या ३ युनिटचे ३६, एकूण ६३६ रुपये. सगळ्यांना वरचा दर लागला असता तर १,२३६ झाले असते. खरे दर वेगळे असतात आणि वीज नियामक आयोगाच्या आदेशाने बदलतात, त्यामुळे आपल्या बिलावर छापलेलेच दर घ्या.

रीडिंग खरंच उशिरा होतं. पण बिलाचा कालावधी वाढला की पायऱ्याही त्या प्रमाणात रुंदावतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर काही महिन्यांचं बिल एकदम आलं, तेव्हाही युनिट महिन्यांत वाटूनच स्लॅब लावले होते. तेव्हा बिलावर आधी दोन रीडिंगमधला कालावधी बघा.

भाडेकरूला खरा त्रास होतो तो अंदाजी बिलाचा. मीटर कुलूपबंद असला की सरासरीवर बिल निघतं, आणि नव्या भाडेकरूच्या बाबतीत ती सरासरी आधीच्या माणसाच्या वापराची असते. नंतर तीन महिन्यांचे मिळून २७० युनिट निघाले, तर पहिली पायरी ३०० पर्यंत धरली गेली पाहिजे आणि अंदाजी बिलांची रक्कम वजा झालेली दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर तक्रार कराच. किल्ली घेतल्या दिवशीच मीटरचा फोटो काढून ठेवा. डिजिटल मीटरवर आकडे फिरत राहतात, त्यातला `kWh` लिहिलेला आकडा घ्या. `V` किंवा `kW` चे आकडे रीडिंग नव्हेत. त्याच दिवशी शेवटच्या बिलावरची थकबाकीही तपासा आणि ती कोण भरणार हे घरमालकाकडून लिहून घ्या.

शून्य बिलाचं म्हणाल, तर स्थिर आकार जोडणीसाठी असतो, वापरासाठी नाही. तो १३० रुपये धरला तर वरच्या ६३६ मध्ये मिळवून ७६६ होतात. त्यावर १६ टक्के वीज शुल्क १२२.५६, एकूण ८८८.५६ रुपये. इंधन समायोजन आकार असला तर तो वेगळा. घर महिनाभर बंद राहिलं तरी १३० रुपये आणि त्यावरचं शुल्क मिळून १५०.८० रुपये येणारच.