काही हरकत नाही

शब्दाचं मूळ शोधण्याचा रोग मला मोल्सवर्थमुळे जडला. माझं काम मुद्रितं तपासण्याचं, आणि टेबलावर कायम त्याचा १८५७ च्या आवृत्तीचा जाडजूड कोश. त्यात शब्दापुढे कंसात ‘ए’ असेल तर शब्द अरबी, ‘पी’ असेल तर फारसी. पहिले काही दिवस मजा वाटली. (मजा म्हणजे फारसीत चव. पण ते जाऊ दे.) पुढे पुढे साधी वाणसामानाची यादी वाचतानाही मी अडखळायला लागलो. बायको म्हणाली, “अहो, बाहेर पडा जरा. मुलाच्या दाखल्याचं बघा.”

मुलाच्या प्रवेशासाठी रहिवासी दाखला हवा होता. पंधरा वर्षं गोव्यात राहिल्याचा हा कागद मामलेदार कचेरीतून मिळतो. आम्ही इथे किती वर्षं राहतो ते अंगणातल्या माडाला विचारलं तरी कळेल, पण माडाची सही चालत नाही.

कचेरीबाहेर आंब्याखाली एक गृहस्थ बाकावर बसून अर्ज लिहून देतात. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही, नुसता बाक. तरी सगळे त्याला दुकानच म्हणतात, आणि तेच खरं आहे. अरबीत ‘दुक्कान’ म्हणजे मुळात भिंतीला लागून बांधलेला ओटा. त्यावर माणसं बसायची, कोणी माल मांडायचा. मग मालामागे खोली आली, खोलीला दार आलं, दाराला कुलूप आलं आणि ओट्याचं नाव खोलीला चिकटलं. आपल्या गोव्यात ओट्याची आठवण अजून बुजलेली नाही. घरापुढच्या दगडी बैठकीला आपण सोपो म्हणतो, आणि बाजारात भाजी घेऊन बसणारी बाई बसण्याचे पैसे भरते तोही सोपोच. हे सगळं मी त्या गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, “काळ्या शाईनं भरा. निळी चालायची नाही.”

आता शाई म्हणजे फारसी ‘सियाही’, म्हणजे काळेपणा. निळी शाई म्हणजे निळा काळेपणा. सरकारनं प्रथमच भाषाशास्त्राला धरून नियम केलेला पाहून मला भरून आलं. तेही सांगितलं. त्यांनी दहा रुपये जास्त घेतले.

खिडकीवरच्या बाईंनी कागद चाळले. घर आजोबांच्या नावावर. लाइट बिलही त्यांच्याच नावावर. जाऊन वीस वर्षं झाली तरी ते नेमानं भरतात. “काकांचं ना हरकत पत्र लागेल,” बाई म्हणाल्या.

इथे मी हसलो, आणि हसायला नको होतं. ‘हरकत’ म्हणजे अरबीत हालचाल. वारा आला की पान हलतं ती हरकत. अरबी व्याकरणात अक्षराला स्वर देऊन चालतं करणाऱ्या खुणेलाही हरकतच म्हणतात. हिंदीत हीच हालचाल नको त्या माणसानं केली की वाह्यात चाळा झाली. आपण मराठी माणसं त्याही पुढे गेलो. कोणी मध्येच हलला म्हणजे आडवा आला, असं धरून हरकतीचा आपण थेट अडथळा करून टाकला. जो शब्द पुढे जायचा तो आपल्याकडे वाट अडवून उभा राहिला. पण मूळ अर्थ लावून बघा: ना हरकत म्हणजे ‘हालचाल नाही’. माझी फाइल पुढचे तीन आठवडे याच अर्थाशी इमान राखून होती.

काकांनी पत्र दिलं. त्यांनी ‘कागद’ऐवजी ‘कागज’ लिहिलं होतं, नोकरी नागपूरकडे झाल्यामुळे. मी दुरुस्त केलं. फारसीत दोन्ही रूपं आहेत, पण ‘द’वालं जुनं, आणि आपल्याकडे तेच टिकलं. दुरुस्तीखाली काकांची सही नाही म्हणून पत्र परत आलं. ही चूक माझी, मोल्सवर्थची नव्हे.

तिसऱ्या खेपेला साहेब नव्हते. “सायब भायर गेल्यात, फाल्यां येयात,” शिपाई म्हणाला. ‘साहिब’ म्हणजे अरबीत सोबती. एवढ्या खेपांत सोबतीचं दर्शन काही झालं नाही.

चौथ्या खेपेला माझा आवाज चढला. बाई शांतपणे म्हणाल्या, “तक्रार असेल तर लेखी द्या.” मी तिथेच गप्प झालो. ‘तकरार’ म्हणजे अरबीत पुन्हा पुन्हा करणं, आवृत्ती, उजळणी. एकच गोष्ट दोनदा म्हटली की तकरार. दोन माणसं आपापली गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणू लागली की भांडण होतंच, आणि मराठीत आल्यावर एकट्यानं म्हटली तरी ती तक्रार झाली. मी चार वेळा तेच कागद, त्याच खिडकीवर, त्याच क्रमानं दिले होते. लेखी देण्याची गरज नव्हती. माझी तक्रार चालूच होती.

पाचव्या खेपेला रांगेत माझ्या पुढे एक आजोबा होते. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशन कार्ड, रेशन कार्डात घडी घातलेली पन्नासची नोट. त्यांना उत्पन्नाचा दाखला हवा होता. मी विचारलं, “कशाला?” म्हणाले, “गरीब असल्याचं दाखवायचं आहे.”

‘गरीब’ म्हणजे अरबीत परका. बाहेरून आलेला, इथला नव्हे तो. परगावी आलेल्या माणसाला ना घर, ना शेत, ना हाकेला धावणारा भाऊबंद. म्हणून परका तो लाचार, लाचार तो निर्धन, असं करत शब्द आपल्यापर्यंत आला. आता हिशेब बघा. एकाच खिडकीवर आजोबा आपण गरीब आहोत हे सिद्ध करत होते आणि मी आपण गरीब नाही हे.

अरबी शब्दाचा सांगाडा बहुधा तीन व्यंजनांचा असतो. गरिबाचा सांगाडा दूर जाण्याचा, मावळण्याचा. सूर्य मावळतो ती दिशा ‘गर्ब’, म्हणजे पश्चिम. मावळतीची नमाज मगरिबची. पोर्तुगालचं दक्षिण टोक अरबांच्या ताब्यात होतं तेव्हा त्याचं नाव पडलं ‘अल-गर्ब’. पोर्तुगीज त्याला अल्गार्व म्हणतात, आणि त्यांचा राजा स्वतःला ‘पोर्तुगाल आणि अल्गार्व यांचा राजा’ म्हणवून घ्यायचा. गोव्यात परका कोण, हा वाद चहाच्या टपरीवर रोज चालतो. आणि इथे राज्य केलेल्या राजाच्या बिरुदातच गरिबाचा भाऊ बसलेला.

हे मी आजोबांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमी मास्तर?” नाही म्हटल्यावर त्यांनी पिशवी छातीशी धरली आणि एक पाऊल पुढे सरकले. त्या कचेरीत मी पाहिलेली पहिली हरकत ती.

सहाव्या खेपेला दाखला मिळाला. घरी येताच बायकोनं विचारलं, “एकूण खर्च किती झाला?” मी म्हटलं, “अगं, गंमत म्हणजे दाखल्याचं मूळ आत जाण्यात आणि खर्चाचं बाहेर जाण्यात. दोन्ही...” तिनं कागद हातातून काढून घेतला, उजेडात धरला आणि मुलाच्या नावावर बोट ठेवलं. ‘प्रसाद’चं ‘प्रासाद’ झालं होतं.

मुद्रितं तपासणाऱ्याच्या हातून सुटलं होतं ते. उद्या सकाळी पुन्हा तक्रार आहे. साडेनऊला निघतो.