हसरा चेहरा टाकला म्हणजे टोमणा कळतोच असं नाही

"टोमणा कळला नाही तर दोष वाचणाऱ्याचा. लिहिणाऱ्याने शेवटी एक हसरा चेहरा टाकला की त्याचं काम संपलं. सगळं सरळच लिहायचं म्हटलं तर विनोद मेलाच."

ग्रुपवर टोमणे मारणाऱ्यांचं हे ठरलेलं म्हणणं. त्यातल्या दोषाच्या मुद्द्यापासून सुरुवात करू. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी काही वाक्यं मनापासून आणि काही उपरोधाने पाठवायची होती, कधी ईमेलने तर कधी आवाजातून. समोरच्याला साधारण ७८ टक्के वेळा बरोबर कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून ७३ टक्के वेळा कळलं, ईमेलमधून फक्त ५६ टक्के. नाणं उडवून ठरवलं असतं तरी ५० टक्के जमलं असतं! म्हणजे लिहिताना आपल्या कानात आपलाच सूर वाजत असतो आणि तो वाक्याबरोबर गेला असं आपण धरून चालतो. यात वाचणाऱ्याची अक्कल कुठे आली?

आता हसरा चेहरा. तो जन्मला तोच या भानगडीतून. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सूचनाफलकावर कुणीतरी गमतीने लिहिलं की लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींनी ते खरंच मानलं. मग १९ सप्टेंबरला तिथलेच संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी सुचवलं की थट्टा असेल तिथे :-) लिहा. ती मंडळी एकाच विद्यापीठातली होती आणि खुणेचा अर्थ सगळ्यांच्या देखत ठरला होता, म्हणून ती चालली. आज तसं कुणी ठरवून दिलेलं नाही. आपल्या काकांना 🙂 म्हणजे निखळ प्रेम वाटतं, तर त्यांच्या कॉलेजातल्या नातीला त्यात थंड राग दिसतो. तिने हसून हसून मेले या अर्थाने 💀 टाकलं, तर काकू घाबरून फोन करतात. काका प्रत्येक वाक्यानंतर तीन टिंबं देतात ती श्वास घ्यायला, आणि नात विचारते, "आजोबा रागावलेत का?"

एक उदाहरण उलगडून बघू. समजा, सोसायटीच्या ग्रुपवर एका तरुण भाडेकरूने लिहिलं, "वा! लिफ्ट पुन्हा बंद. कमिटीचं कौतुक करावं तेवढं थोडंच 🙂". एका आजोबांनी शेवटचंच वाक्य वाचलं आणि "धन्यवाद 🙏" लिहून मोकळे झाले. सचिवांना टोमणा बरोबर कळला, पण तो आपल्या वयाला आणि बिनपगारी कामाला मारलाय असं वाटलं. नुकत्याच राहायला आलेल्या बंगळुरूच्या कुटुंबाला मराठी जेमतेम वाचता येतं. त्यांना कळलं एवढंच, की कमिटीचं कौतुक चाललंय. लिफ्ट मात्र बंदच, आणि मेकॅनिकला फोन कुणी केला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

देश बदलला की हे महागात पडतं. २०१२ मध्ये ब्रिटनहून लॉस एंजेलिसला उतरलेल्या एका तरुणाला अडवून परत पाठवलं गेलं, कारण अमेरिका उद्ध्वस्त करायला चाललोय असं त्याने ट्विट केलं होतं. त्याच्या मित्रांच्या बोलीत त्याचा अर्थ एवढाच, की तिथे जाऊन दणकून धमाल करणार. विमानतळावरचे अधिकारी त्याच्या मित्रमंडळात नव्हते.

राहिला विनोद मरण्याचा मुद्दा, आणि माझा खरा आक्षेप इथेच आहे. मरतो तो फक्त उलट अर्थाचा विनोद, आणि विनोदाचा तो एक प्रकार झाला. तोच मजकूर असा लिहून बघा: "लिफ्ट कालपासून बंद आहे. मेकॅनिकला कुणी कळवलंय का? नसेल तर मी फोन करतो. चार मजले चढून माझ्या गुडघ्यांनी माझ्याशी बोलणं सोडलंय." आधी हकीकत, मग प्रश्न, शेवटी थट्टा, आणि तीही स्वतःची. गुडघे बोलत नाहीत हे आजोबांना, सचिवांना आणि बंगळुरूकरांनाही ठाऊक आहे. त्यामुळे वाक्य शब्दशः घेतलं तरी कुणाचा गैरसमज होत नाही, अपमान तर नाहीच.

पाठवण्याआधीची चाचणीही त्याच २००५ च्या अभ्यासात सापडते. स्वतःचं वाक्य अभिप्रेत अर्थाच्या उलट सुरात मोठ्याने वाचायला लावलं, तेव्हा लिहिणाऱ्यांचा फाजील आत्मविश्वास कमी झाला. टोमणा बातम्या वाचल्यासारखा सपाट सुरात वाचा. तसा वाचूनही तो खरा वाटत असेल, तर कुणीतरी तो खरा मानणारच.

कट्ट्यावरच्या चार दोस्तांच्या ग्रुपला यातलं काही लागू नाही, तिथे खुशाल टोमणे मारा. फक्त त्याचा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर पोचला आणि कुणी दुखावलं, तर "मस्करी कळत नाही का" असं विचारू नका, तो दुसरा टोमणा होतो. "कौतुक उपरोधाने लिहिलं होतं, लिफ्टमुळे वैतागलो होतो" एवढं सरळ लिहा आणि मेकॅनिकचा नंबर मागा.