मृत्युपत्राच्या भाषांतराबद्दल: आमच्या कार्यालयाचं उत्तर

★☆☆☆☆ "वडिलांचं मृत्युपत्र इंग्रजीत करायला दिलं होतं. पान ४ वर भावाच्या नावाच्या जागी चक्क 'K3la' छापलंय. म्हणजे घरचा खाजगी कागद यांनी ऑनलाइन ट्रान्सलेटरमध्ये टाकला आणि पैसे मात्र माणसाच्या कामाचे घेतले. विश्वास ठेवू नका."

नमस्कार साहेब,

पान ४ ची चूक आमची आहे. मनापासून माफी मागतो. दुरुस्त प्रत आज सकाळी पाठवली आहे.

पण "खाजगी कागद ऑनलाइन टाकला" हे वाक्य जिव्हारी लागलं. याच धंद्यावर घर चालतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला कच्चा मसुदा आम्ही यंत्राकडून करून घेतो, हे खरं आहे. त्यासाठी पैसे भरून घेतलेली क्लाउड सेवा वापरतो, फुकटची नाही. दिलेला मजकूर यंत्र शिकवायला वापरणार नाही, असं त्या सेवेच्या अटींमध्ये लिहिलेलं आहे. फुकटच्या साइटवर बहुतेक वेळा हेच वाक्य सापडत नाही. २०१७ मध्ये नॉर्वेच्या NRK वाहिनीने दाखवलं होतं, की Translate.com वर लोकांनी टाकलेली पत्रं आणि करार गूगलवर शोधले की सापडत होते. त्यात स्टॅटऑइलसारख्या मोठ्या कंपनीचाही मजकूर होता. तेव्हापासून मी अटी वाचल्याशिवाय कुठेही एक ओळ टाकत नाही.

आणि अटी चांगल्या असल्या तरी मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवरून जातोच. म्हणून नावं आधी काढतो. स्कॅन कधीच चढवत नाही, कारण त्यात सह्या, फोटो आणि आधार क्रमांक असतात. मजकूर टाईप करून माणसांना K1, K2, K3 अशी चिन्हं देतो. गावाचं नाव, गट नंबर, खाते क्रमांक आणि रकमा यांनाही अशीच चिन्हं असतात. कोणतं चिन्ह कुणाचं, ती यादी हाताने वहीत लिहितो. चतुःसीमा तर यंत्राला देतच नाही. "पूर्वेस अमक्यांची विहीर" एवढ्यावरून गावातला कुणीही शेत ओळखेल, मग नाव काढून काय उपयोग? तुमच्या वडिलांनी वाटणीची कारणं लिहिलेला परिच्छेदही मी स्वतः बसून केला. तो कशाबद्दल होता ते इथे लिहीत नाही.

तेव्हा साहेब, पानावर K3 राहिलं याचाच अर्थ तुमच्या भावाचं नाव यंत्राकडे गेलं नाही!

चूक कुठे झाली तेही सांगतो. मूळ वाक्यात "K3ला" असं जोडून टाईप झालं होतं. यंत्राने "ला" सुद्धा इंग्रजी अक्षरांत उतरवलं आणि K3la तयार झालं. नावं परत घालताना वर्डमध्ये आम्ही पूर्ण शब्दच शोधतो. तसं नाही केलं, तर K1 बदलताना K10 चाही निम्मा भाग बदलतो. K3la हा शोधाच्या दृष्टीने वेगळा शब्द, म्हणून तो निसटला. "K3 यांना" असं जागा सोडून लिहिलं असतं तर हे झालं नसतं.

आता एक गोष्ट, रागावू नका. काम देण्याआधी "अंदाज येऊ दे" म्हणून तुम्ही व्हॉट्सॲपवर लांबलचक लिंक पाठवली होती. तिची सुरुवात अशी होती:

```
translate.google.com/?sl=mr&tl=en&text=%E0%A4
```

पुढे % आणि आकड्यांची रांग दिसते ना, तो कचरा नाही. ती तुमचीच मराठी अक्षरं आहेत. लिंक उघडली की मृत्युपत्राचा पहिला परिच्छेद, वडिलांच्या नावासकट, समोर येतो. मी ती लगेच डिलीट केली. आणखी कुणाला पाठवली असेल तर तुम्हीही करा. ब्राउझरच्या हिस्ट्रीतूनही काढा. गूगलला लॉगिन करून वापरलं असेल, तर ट्रान्सलेटची जतन झालेली हिस्ट्रीही पाहा. पुढे कधी चार ओळींचा नुसता अर्थ हवा असेल, तर फोनवर मराठीचा ऑफलाइन संच उतरवून इंटरनेट बंद करून बघा.

पैशांबद्दल म्हणाल तर यंत्राला काही सेकंद लागतात. नावं काढणं, परत घालणं आणि ओळन् ओळ मुळाशी ताडून पाहणं यात आमच्या दोघांचा शनिवार-रविवार गेला. कागद शुक्रवारी रात्री आला होता आणि सोमवारी सकाळी हवा होता, हे तुम्ही रिव्ह्यूत लिहिलं नाहीत. असो.

यापुढे प्रत देण्याआधी K आणि आकडा असं काही उरलंय का, ते वेगळं शोधणार आहोत. यंत्र वापरतो हे काम घेतानाच सांगायला हवं होतं, तेही आता सांगू. पान ४ चे पैसे परत केले आहेत. तुमच्या कागदाचं वहीतलं पान अजून माझ्याकडे आहे. समोर फाडायचं असेल तर या, नाहीतर कुरियरने पाठवतो.